फोन भरलेला, डबा रिकामा

विल्किस्ता आदोंगोची टपरी आणि माझी मंदाझीची, म्हणजे तळलेल्या गोड पावांची, कढई यांच्यामध्ये एक पत्रा आहे आणि त्या पत्र्याला एक भोक आहे. ते मी पाडलेलं नाही. पण आयतं भोक असताना कान दुसरीकडे वळवून बसण्याइतकी मी शहाणी नाही, आणि नसल्याचं मला दुःखही नाही.

सरोवराच्या या कियारो काठावर बँक नाही. ती पलीकडच्या मोठ्या गावात, मोटारहोडीनं जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे विल्किस्ता हीच आमची बँक. तिला नोटा दिल्या की ती आपल्या फोनातली तेवढी शिल्लक तुमच्या फोनात टाकते. नोटा हव्या असतील तर उलटं: ओळखपत्र दाखवायचं, आपल्या फोनात तिचा एजंट नंबर, रक्कम आणि आपला गुप्त आकडा दाबायचा. शिल्लक तुमच्याकडून तिच्याकडे जाते आणि ती डब्यातून नोटा काढून देते. कंपनी तिला दोन्हीकडून थोडं कमिशन देते. दोघांच्या फोनांवर संदेश आल्याशिवाय ती नोटांवरचा हात उचलत नाही, मग समोर पास्टर उभा असो.

बाई कडक. नवरा गेल्यापासून जास्तच. नवरा तिचा रिस्परच्या दारूच्या गुत्त्यावरून पिऊन निघाला आणि होडीतून सरोवरात पडून बुडाला. तेव्हापासून विल्किस्ता होडीत बसत नव्हती आणि रिस्परचं नाव घेत नव्हती. रिस्पर मात्र रोज सकाळी टपरीवर यायची. आदल्या रात्रीचा गल्ला फोनात भरायला. विल्किस्ता ते पुडकं हातात घेत नसे. डब्याचं झाकण पुढे करायची, त्यावर ठेवायला लावायची, मग मोजायची. फाटकी नोट आली तर प्रार्थनेच्या पुस्तकांना लावून उरलेल्या चिकटपट्टीनं सांधायची. दोनशेची एक नोट होती, तिच्यावरच्या चेहऱ्याला कुणीतरी शाईनं मिशा वाढवल्या होत्या. ती दर थोड्या दिवसांनी परत यायची आणि विल्किस्ता पत्र्यापलीकडून म्हणायची, "युनिया, मिशीवाले आले गं."

मग चर्चमधल्या आम्ही बायका चीफकडे, म्हणजे इथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेलो आणि गुत्ता बंद करून आलो. अर्जावर पहिली सही विल्किस्ताची. कुलूप लागलं त्या दिवशी मी मंदाझी फुकट वाटले. म्हणजे थंड झालेले वाटले, पण वाटले. रिस्परनं काही आदळआपट केली नाही. खाडीपलीकडे न्यागिनाच्या काठावर तिनं दुसरी झोपडी घेतली आणि संध्याकाळच्या होडीनं तिकडे जाऊ लागली. आमचे कोळीही तिच्यामागून जाऊ लागले. आम्ही म्हटलं, जाऊ देत, आपल्या दारातली घाण तर गेली.

आणि मग विल्किस्ताचा डबा रिकामा व्हायला लागला.

कसा, ते कुणालाच कळेना. ओमेना मासळी पूर्वीइतकीच निघत होती. व्यापारी बायका पूर्वीसारख्याच कोळ्यांना फोनवर पैसे पाठवत होत्या, कारण रोकड घेऊन सरोवरातून यायची त्यांची छाती नाही. कोळी पूर्वीसारखेच सकाळी टपरीवर येऊन नोटा मागत होते. पण दुपार होण्याआधी डब्याचा तळ दिसायचा. आणि फोनातली शिल्लक बघावी तर कधी नव्हती एवढी. विल्किस्ता फोन बघायची, डबा बघायची, पुन्हा फोन बघायची. एकदा तिनं डबा उलटा करून त्याच्या बुडावर टकटक केलं. मी भोकातून पाहिलं.

आधी तिला वाटलं आपलं मोजायला चुकतंय. मग वाटलं कोणी काढतंय. मग तिनं पत्र्यातल्या भोकाला आतून फडकं कोंबलं. म्हणजे संशय माझ्यावर! डब्यात हात घालण्याएवढं भोक आहे का ते? मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलणंच टाकलं, आणि न बोलता तिच्या बाजूला बसणं हे मला किती कठीण जातं ते देवाला ठाऊक. शेवटी तिनंच फडकं काढलं आणि म्हणाली, "युनिया, मला काही समजेनासं झालंय. मला वेड तर लागत नाही ना?"

मला तरी कुठे समजत होतं. तिच्या पुतण्याला फोन देऊन पलीकडच्या बँकेत पाठवलं, त्यानं शिल्लक देऊन नोटांचं पुडकं आणलं. होडीभाड्यात कमिशन गेलं आणि पुडकं दोन सकाळींत संपलं. लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणे ती नोटा व्याजानं फिरवते. कुणी म्हणे खाटेखाली पुरते. जिच्या डब्यावर अख्खा काठ डोळे मिटून विश्वास ठेवायचा, तिच्याकडे माणसं वाकड्या नजरेनं बघू लागली. नवऱ्यामागं त्या बाईकडे नावाशिवाय दुसरं काय होतं? तेच जायला लागलं होतं.

त्यात दोरसिला आजी आली. तिचा मुलगा नैरोबीहून महिन्याच्या महिन्याला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे पाठवतो. गोळ्या पलीकडच्या दवाखान्यात, आणि होडीवाला नोटांशिवाय बसू देत नाही, कारण त्याचे फोन सरोवरात पडून पडून त्यानं फोनचा नादच सोडलाय. आजीनं नेहमीप्रमाणे आपला गुप्त आकडा सगळ्या काठाला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. विल्किस्तानं नेहमीप्रमाणे कानांवर हात ठेवले. मग म्हणाली, आज नोटा नाहीत, आजी, उगाच आकडा दाबू नकोस.

"परवाही नव्हत्या," आजी म्हणाली.

"हो."

"मी तुला चोर म्हणत नाही, पोरी. पण माझ्या लेकानं पाठवले ते गेले कुठे?"

"तुझ्याच फोनात आहेत."

"मग काढून दे."

विल्किस्तानं रिकामा डबा तिच्यापुढे उघडा केला. आजीच्या गोळ्या संपून आठवडा झाला होता आणि तिचे पाय सुजलेले मला इकडून दिसत होते. मी माझ्या गल्ल्यातून द्यावे म्हटलं, तर माझ्याकडेही नोटा नव्हत्या. गिऱ्हाइकं मंदाझीचे पैसेसुद्धा फोनवरच पाठवत होती.

दुसऱ्या सकाळी विल्किस्ता माझ्याकडे येऊन म्हणाली, न्यागिनाला ओजिजो म्हणून एजंट आहे, आम्ही एकाच मोठ्या एजंटाखाली आहोत, त्याच्याकडून काही मिळतंय का बघते. तू चल. का चल, ते तिनं सांगितलं नाही. होडीत तिनं माझा दंड असा धरला की दिवसभर वळ राहिला.

ओजिजोच्या दुकानात नोटांनी भरलेला डबा, त्याच्या बाजूला भरलेलं बिस्किटाचं खोकं, आणि ओजिजो रडकुंडीला आलेला. लोक नोटा भरायला येतात, म्हणाला, पण फोनात शिल्लकच उरत नाही, देऊ काय? विल्किस्ताला बघून त्याला देव भेटला. तिनं आपल्या फोनातली शिल्लक त्याच्या फोनात पाठवली, दोघांचे संदेश आले, तो नोटा मोजून देऊ लागला. मोजता मोजता मिशीवाले निघाले.

विल्किस्तानं ती नोट उजेडाकडे धरली. चिकटपट्टी तिचीच. "ही इथं कशी?"

ओजिजो म्हणाला, "ही? ही रिस्परबाईची. रोज सकाळी गल्ला भरते ना इथं."

आणि तेवढ्यात रिस्पर दारात. हातात पुडकं, डोळ्यांत रात्रभरचं जागरण. तिनं आम्हाला पाहिलं, नोट पाहिली, आणि आम्हा दोघींच्या आधी तिला सगळं समजलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा डबा मी भरत होते. तुम्ही सकाळी कोळ्यांना नोटा द्यायच्या, संध्याकाळी त्या माझ्याकडे यायच्या, सकाळी परत तुमच्या झाकणावर. तुम्ही मला हाकललंत, आता त्या इथं येतात. यात एवढं काय?"

एवढं काय! म्हणजे आजीच्या गोळ्यांच्या नोटा इतकी वर्षं गुत्त्यावरून येत होत्या? म्हणजे गुत्ता बंद करून आम्ही आजीच्याच गोळ्या बंद केल्या? मग पुण्य केलं की पाप केलं? मला आजही कुणी विचारलं तर मी कढईत मंदाझी सोडते आणि विषय बदलते.

रिस्परनं सोपी वाट दाखवली. चीफला सांगा, म्हणाली, पहिली सही तुमची आहे, तुम्ही म्हणालात तर कुलूप निघेल. माझं घर, पोरं तिकडेच आहेत. नोटा आपल्या पायांनी तुमच्या दारात येतील.

विल्किस्तानं मिशीवाले पुडक्यात सरकवले. मला वाटलं, हो म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं. ती म्हणाली, "नाही. माझ्या दारात नको. मी रोज येऊन घेऊन जाईन."

"होडीनं?" मी विचारलं.

ती नोटा पुन्हा मोजायला लागली होती.

तेव्हापासून ती रोज पहाटे खाडी ओलांडते. शिल्लक देते, नोटा घेते, आणि पहिल्या परतीच्या होडीनं येते. कमिशनातलं निम्मं भाड्यात जातं. त्याच होडीनं रिस्पर घरी परतते. होडी हलायला लागली की विल्किस्ताला कड धरता येत नाही, कारण दोन्ही हात पुडक्यावर असतात. तेव्हा रिस्पर तिचं कोपर धरून बसते. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत. मी एकदाच सोबत गेले होते, तेव्हा पाहिलं, आणि मला रडू आलं. कुणासाठी, ते विचारू नका.

डबा पुन्हा भरला. विल्किस्तानं लोकांना सगळं समजावून सांगितलं, चर्चच्या अंगणात उभं राहून. कुणाला काडीचं कळलं नाही. पैसे फोनात असतात तर होडीनं काय आणतेस, म्हणाले. चोर म्हणायचं थांबले, एवढं खरं. आता म्हणतात, ती रोज रात्रीची न्यागिनाला जाते आणि पहाटे गुत्तेवालीच्या गळ्यात गळा घालून उतरते. नवऱ्याच्याच वाटेनं चालली बिचारी. सांगणाऱ्यांत अर्जावर सह्या केलेल्या बायकाच पुढे. मी एकीच्या अंगावर झारा घेऊन धावले. विल्किस्तानंच अडवलं. म्हणू देत, म्हणाली, गिऱ्हाइकं उभी आहेत.

परवा दोरसिला आजी आली. ओळखपत्र दाखवलं, आकडा ओरडून सांगितला, विल्किस्तानं कान झाकले. संदेश आले. विल्किस्तानं नोटा पुढे केल्या. आजीनं त्या नाकाशी नेल्या आणि थबकली. मागं रांगेतली सगळी माणसं बघत होती.

"पोरी," आजी म्हणाली, "यांना दारूचा वास येतोय."

"येतो, आजी," विल्किस्ता म्हणाली. "मोजून घे."