जूनचा लाल रकाना

चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्यानंतर खमरियाच्या फॅक्टरीत लेथवर चौतीस वर्षं काढली. पेन्शन माझी, बँकेचं कार्ड माझं आणि घरखर्चही मीच चालवणार, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण मार्चात वीस तारखेलाच पैसे संपले. मुलगा म्हणाला, "बाबा, कार्ड मले देऊन द्या आता. हिशोब मी पाहतो."

"काहून? मी मेलो का?"

"मग दाखवा ना हिशोब. तीन महिने एकही खातं महिनाअखेर लाल नाही राहिलं, तर कार्ड तुमचं."

मी हो म्हणालो. तिथं सूनबाई बसली होती, ती एका शाळेत हिशोब पाहते. ती म्हणाली, "मग एक्सेल शिका, बाबा. डब्यांवर कोण भरोसा ठेवेल?"

डबे म्हणजे माझी जुनी पद्धत. किराणा, दूध, बिजली, दवाई आणि घाट, असे पाच पत्र्याचे डबे. पगार आला की वाटून टाकायचा. घाट म्हणजे दर रविवारी नदीवर ग्वारीघाटाला जाणं: नावेचे पैसे, फुलं, चहा. लोक त्याला उडवणं म्हणतात, म्हणोत. मी त्याचं खातं ठेवलं.

मी लॅपटॉपवर दोन बोटांनी टाइप करत असे. खाली रोजचा खर्च लिहायचा, म्हणजे तारीख, खातं, रक्कम. वर प्रत्येक खात्याची बेरीज आपोआप होते. उरलेलं म्हणजे मागची शिल्लक, त्यात या महिन्याचं ठरलेलं, खात्यातून खात्यात हलवलेलं असेल तर तेही, आणि त्यातून खर्च वजा. ठरलेल्याच्या दहा टक्क्यांहून कमी उरलं की रकाना पिवळा, शून्याच्या खाली गेलं की लाल. सूनबाईनं एकदा दाखवलं, बाकी मी केलं. महिना संपला की त्याच पानाची नक्कल काढायची, नाव बदलायचं आणि खालचा खर्च पुसायचा. एप्रिल झाला, मे झाला. लाल काही आलं नाही.

जूनच्या अठ्ठावीस तारखेला मुलानं लॅपटॉप उघडला. घाटाचा रकाना लाल, अडीचशे रुपये वजा.

"देखो बाबा. सहाशे ठरवले, साडेआठशे उडवले."

"माझ्या डब्यात दोनशे पडून आहेत."

"डब्याचं नाही, हे पाहा. मशीन खोटं बोलून राहिली का?"

मी डबा आणून त्याच्यापुढं उलटा केला. दोनशेच. मेमध्ये उन्हामुळं मी फक्त एकदा गेलो होतो, तेव्हा साडेचारशे उरले होते. ते पानावर कुठं गेले?

फॅक्टरीत एक गोष्ट अंगात मुरलेली. माप चुकलं तर आधी मोजायचा गेज तपासायचा, मग घडवलेला जॉब फेकायचा. मी चष्मा लावला आणि रकान्यावर रकाना उघडत गेलो. मागच्या शिल्लकीत शिरलो तर आत लिहिलेलं होतं एप्रिल. नक्कल मेच्या पानाची, आणि मेचं पान एप्रिलची शिल्लक बघत होतं. नाव मी जून केलं, पण आतलं बोट एप्रिलवरच राहिलं. एप्रिलात घाटाचं काही उरलंच नव्हतं.

पाचही खात्यांत एप्रिलचं मे केलं. घाटाचा लाल गेला, दोनशे आले. मी मुलाकडं पाहिलं. तो पानाकडंच बघत होता.

"आता बिजली लाल झाली, बाबा."

झाली होती. एप्रिलात चारशे उरले, मेमध्ये कूलरनं ते खाल्ले. पण आतापर्यंत जूनचं पान ते चारशे धरून बसलं होतं. खरी शिल्लक शून्य. हजार ठरलेले, बिल बाराशे. बिल त्यानंच फोनवरून भरलं होतं, मी त्याला पैसे द्यायचे होते. बिजलीच्या डब्यात हजारच.

"कूलर तुमच्या खोलीत चालतो," मी म्हणालो.

"खातं तुमचं आहे."

खरं होतं. सूनबाई हळूच म्हणाली, "सोडा ना, दोनशेच तर आहेत. मी घालते."

"नाही पायजेत."

मी हलवलेल्याच्या रकान्यात घाटापुढं वजा दोनशे लिहिलं, बिजलीपुढं अधिक दोनशे. दोन्ही शून्यावर आले. पिवळे झाले, लाल नाही. डब्यातले दोनशे हजारावर ठेवले आणि बाराशे मुलाच्या हातात दिले. त्यानं मोजले.

"आणि परवाचा रविवार?" त्यानं विचारलं.

"माझं मी पाहीन."

रविवारी बसचा पास होताच. ग्वारीघाटावर नाववाला ओळखीचा, त्यानं हात केला, "आओ बाबूजी, उधार चलेगा." मी म्हणालो, उधारीचं खातं नाही माझ्याकडं. पायरीवर तासभर पाय पाण्यात सोडून बसलो. चहाही नाही घेतला.

कार्ड खिशात होतं. घरी येऊन जुलैचं पान काढलं आणि सगळ्यात आधी मागची शिल्लक उघडून पाहिली.