दीड इंची पाइपाचे नऊ आटे

माधवनगरात गिरणीमागच्या आळीत आकाराम नळवाल्याचं घर विचारलं, की लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. हसण्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे चौऱ्याण्णव सालचं आहे. आळीत ते कुणालाही विचारा, चहा न घेता सांगतील.

तासगावच्या अलीकडच्या एका वाडीत दादासो म्हणून द्राक्षबागाईतदार आहेत. त्यांच्या शेतातल्या बोअरमध्ये आकारामनं पंप सोडला आणि तो सव्वादोनशे फूट खाली जाऊन बसला. म्हणजे बसवला नाही, पडला. पाइपाचे आटे दोन पाइप जोडणाऱ्या सॉकेटातून सुटले, सोबतचा दोर कुजका होता तोही तुटला. पंप आजही तिथंच आहे. आळीतल्या पोरांनी तेव्हापासून कुणाची वस्तू हरवली, की "आकारामकाकानं सोडली का?" असं विचारायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र आकारामनं कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी दादासो डोक्यावर उभे होते. "आटं कमी मारू नगंस, लांब मार. जेवढं आटं जास्त तेवढा जोर जास्त," म्हणत होते. आकाराम लष्करात पाणीपुरवठ्याच्या कामावर सोळा वर्षं घालवून आलेला माणूस. त्याला पक्कं ठाऊक होतं, की आटे पाडायची डाय पाइपाच्या टोकाच्या पुढं नेली की आटे लांब होतात खरे, पण त्यांचा उतार, म्हणजे टोकाकडचा निमुळतेपणा, जातो. उतार गेला की सॉकेट आवळतच नाही, नुसतं आत फिरत राहतं. हे ठाऊक असूनही तो "बरं" म्हणाला होता. मोठ्या माणसापुढं "बरं" म्हणायची सवय त्याला औंधाकडच्या गावातूनच होती, लष्करानं ती पक्की केली. आणि मग पंप पडला.

त्यानंतर कामं आटली. वरून गेल्या साली एका बेदाण्याच्या शेडवर पाइप उतरवताना उजव्या खांद्यावर आला, आणि तो हात छातीच्या वर जाईना. डायचे दोन लांब दांडे फिरवायला दोन धड हात लागतात. आकारामकडं दीड उरला होता. मग त्याची बायको शालूबाई कामावर यायला लागली. पदर खोचून ती एक दांडा ओढायची, दुसरा तो. लोकांना हसायला आणखी एक कारण मिळालं. नळवाला बायकोचा मदतनीस झाला म्हणाले. शालूबाईनं ऐकलं आणि एकाला सांगितलं, "व्हय, आन पगारबी म्यायच देती." ती अशी बोलायची, पण आकाराम घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. एप्रिलात त्यानं तिला सांगून टाकलं होतं, की आता एक काम जरी बिघडलं तर डाय विकायची आणि औंधला भावाच्या दारात जाऊन बसायचं. भावजय कशी आहे हे शालूबाईला माहीत होतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात दादासोंचं बोलावणं आलं.

या वेळी बोअर त्यांचा नव्हता, वाडीचा होता. सगळी वाडी त्यावर पाणी पीत होती आणि पाणी समितीचे पुढारी दादासोच. मोटार जळाली, बांधून आणली, आता पंप परत सोडायचा होता. पंप उतरवणाऱ्या टोळीचा जोतीराम चेनकप्पी लावून बसला होता. सहा पाइप खाली गेले, सातवा उचलला तर त्याच्या खालच्या टोकाचे आटे गंजून झडलेले. नवा पाइप तासगावात सोमवारशिवाय मिळणार नव्हता. एक पाइप कमी करावा, तर पाणी एवढं खाली गेलं होतं, की पंप कोरड्यात लोंबकळला असता. तासगावचे तीन नळवाले दुसरीकडं अडकलेले. चौथा नाइलाजाचा, तो आकाराम.

"या," दादासो म्हणाले. "पंप सोडायला आलाय, पाडायला न्हवं, एवढं ध्यानात ठेवा."

बायका घागरी घेऊन बोअरभोवती बसल्या होत्या. वीज चारला येणार आणि सहाला जाणार. तीन वाजले होते.

आकारामनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कडेला शेगडा आवळला, पाइप त्यात पकडला. गंजकं टोक एक्सा ब्लेडनं सरळ काटकोनात कापलं, आतली धार कानशीनं घासली, बाहेरची कड थोडी उतरवली. मग डाय चढवली. सुरुवातीला डायला तळहातानं दाबावं लागतं. दोन आटे धरले की ती स्वतःच ओढत जाते, मग दाबायचं नाही. बाटलीतलं कटिंग तेल शालूबाई थेंबाथेंबानं सोडत होती आणि मोकळ्या हातानं दांडा ओढत होती. अर्धा फेर पुढं, पाव फेर मागं. मागं घेतलं की लोखंडाची चुरी कट्‌ करून तुटते. न घेतलं तर ती दातांत अडकते आणि आटे फाटतात.

"घाई करा की," दादासो म्हणाले. "पुढं जायाचं सोडून मागं काय जाताय?"

"दादासो, चुरी तोडतोय," शालूबाई म्हणाली. "तुमी बसा निवांत."

दीड इंची पाइपाला एका दमात पूर्ण खोल आटे पाडायचे नसतात. पहिला फेरा वरवरचा, दुसऱ्यात डाय तिच्यावर कोरलेल्या खुणेपर्यंत आवळायची. दुसऱ्या फेऱ्याला आकारामचा खांदा पेटला. डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढं पान्यानं सॉकेट आवळायचं आहे, ते या हाताला झेपेल का, हा विचार त्याच्या मनात आला. आणि त्यानं डाय खुणेच्या किंचित पुढं आवळली. केसाएवढी, म्हणजे आटे जरा जास्त खोल जातील. थोडं सैल झालं तर सोपं जाईल म्हणून. हे शालूबाईनं पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.

पाइपाचं टोक डायच्या तोंडाशी आलं तसा तो थांबला. दादासो म्हणाले, "आणखी दोन मार." आकाराम थांबलेलाच राहिला. त्यानं ब्रशानं चुरी झाडली, आटे पुसले आणि सुटं सॉकेट हातानं फिरवायला घेतलं. चार-पाच आटे हातानं जायला हवेत आणि मग अडायला हवं. उरलेल्यांपैकी तीन पान्यानं जातात आणि एक-दोन बाहेर दिसत राहतात. इतकं साधं गणित आहे.

पाच गेले. सहा. सात. सॉकेट आठव्यावरही सैल फिरत होतं, आणि हलवलं तर खुडखुडत होतं.

आकाराम तसाच उकिडवा बसला. भरपूर ताग गुंडाळला, वर सफेदा लावला, तर बाहेरून कुणाला काही कळणार नव्हतं. आज पाणी आलं असतं. उद्याही आलं असतं. पण मोटार चालू होताना प्रत्येक वेळी पाइपाला पीळ देते, आणि खाली पंपाचं वजन ओढत असतं. आठ दिवस, पंधरा दिवस. मग हा पंपही दादासोंच्या शेतातल्या जोडीदारासारखा तळाला जाऊन बसला असता.

शालूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. "आवं, किती गेलं?"

"लय गेलं."

"मंग?"

"म्यायच डाय जास्त आवळली. हात दुखत हुता म्हणून."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. जोतीराम बिडी शिलगावत होता. दादासो घड्याळ बघत होते. सव्वाचार झाले होते, वीज आली होती.

"ताग हाय भरपूर," ती अगदी हळू म्हणाली. औंधची भावजय तिच्या डोळ्यांपुढं उभी असणार.

आकारामनं मान हलवली. उठला, आणि वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "हा आटा वाया गेला. मी पाडला आन मीच वाया घालीवला. कापून परत पाडावा लागंल."

मग दादासो हसले. "बघा. म्या काय म्हणलं हुतं? ह्या माणसाला हात लावाय देऊ नगासा. आता पाइपच उरायचा न्हाई. घागरी घेऊन घरला जावा."

दोन बायका खरंच उठल्या. आकारामला त्या उठलेल्या दिसल्या. खांदा धरून तो पुन्हा शेगड्याशी गेला आणि डाव्या हातानं पाइप कापायला लागला. ब्लेड घसरत होतं. शालूबाईनं ते हातातून घेतलं. जेवढे आटे पाडले होते तेवढे सगळे कापून टाकले, तेव्हा घामानं तिची चोळी पाठीला चिकटली होती. आणि मग तिनं तेलाची बाटली उलटी केली. एक थेंब आला.

"ट्रॅक्टरचं काळं ऑईल हाय की," दादासो म्हणाले. "वता."

"ते नुसतं घसरतं," आकाराम म्हणाला. "दात धरत न्हाईत. आन वाडी ह्यातलं पाणी पिणार हाय."

यावर पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या बाजूनं बोललं. बनुबाई म्हणून एक म्हातारी, घागरीवर बसलेली. "खायाचं त्याल चालतं का रं?"

"चालतं आजी. शेंगतेल आसलं तर बेस. जरा धूर करंल."

बनुबाई घरी जाऊन तांब्याभर शेंगतेल घेऊन आली. "आमावश्येचा वड्यांचा घाणा राहूंदे," म्हणाली.

या वेळी आकारामनं दांड्याला हातच लावला नाही. त्यानं डोळे डायवरच्या खुणेशी लावले आणि दोन्ही दांडे शालूबाईकडं दिले. जोतीराम मदतीला पुढं आला, तर आकारामनं नको म्हटलं. "तू जोर लावशील. तिला पाव फेर कळतो." जोतीराम हसत मागं सरला, पण मग बिडी विझवून बघत बसला. अर्धा पुढं, पाव मागं. तळलेल्या वड्यासारखा वास सुटला. पहिला फेरा. मग दुसरा, बरोबर खुणेवर, आणि आकारामनं खुणेवरचं बोट हलू दिलं नाही. पाइपाचं टोक डायच्या तोंडाशी सपाट आलं. शालूबाई थांबली. या वेळी दादासो "आणखी दोन" म्हणाले नाहीत.

सॉकेट हातानं चार आटे गेलं, पाचवा अर्धा, आणि अडलं. आकारामनं ते हलवून पाहिलं. हललं नाही. त्यानं पुन्हा पाहिलं.

"घे," तो जोतीरामला म्हणाला. "ताग, सफेदा आन जोडून घे. पान्यानं तीन. चौथा मारू नगंस, सॉकेट चिरंल."

साडेपाचला सगळे पाइप खाली होते. स्टार्टर दाबायला दादासो स्वतः गेले. आकाराम बोअरच्या तोंडाशी बसला होता, डाव्या हाताचा पंजा पाइपावर ठेवून. मोटार लागली. पाइपाला पीळ बसला, त्याच्या पंजाखाली एक झटका आला आणि थांबला. पाणी यायला बराच वेळ लागला. आधी लालसर आलं, त्यावर तेलाचा तवंग होता, तो वाहू दिला, मग स्वच्छ आलं. घागरींची ढकलाढकली सुरू झाली.

जोतीराम शालूबाईजवळ आला. "वैनी, परवा सावळजला पाइप सोडायचं हायती. येताय का? ह्यास्नीबी घेऊन या."

शालूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पाइपावरचा हात काढायलाच तयार नव्हता.

"आवं, जोतीराम काय म्हणतोय."

"बंद करा म्हणावं मोटार," आकाराम म्हणाला. "आन परत लावा. तीनदा लावा."

दादासोंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बटण दाबलं. बायकांनी घागरी बाजूला घेतल्या आणि ओरडल्या. पाइपाला झटका बसला, थांबला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आकारामचा पंजा तिथंच होता. वीज सहाला गेली, पाणी थांबलं, तेव्हा कुठं त्यानं तो उचलला, आणि तळहातावर उमटलेला सफेद्याचा ठसा चड्डीला पुसला.