गौरी-गणपतीच्या आठवड्यातली रेषा

विसर्जनानंतरच्या शुक्रवारी जिल्हा आरोग्य कार्यालयातल्या बैठकीत साहेबांनी डेंग्यूचा आलेख पाहिला आणि म्हणाले, "रेषा खाली आली की! कागलचं पथक उचला, दुसऱ्या तालुक्याला द्या."

साथरोगांचे आकडे बघणं हे माझं काम. ती रेषा मीच काढलेली, दर तीन आठवड्यांची सरासरी घेऊन. रोजच्या आकड्यांची उडी-बुडी त्यात निवळते, म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण निवळताना ती खड्डाही पसरवते. एक आठवडा रिकामा गेला की पुढच्या तिन्ही सरासऱ्यांना तो खाली ओढतो. आणि आमचा रिकामा आठवडा कोणता? गौरी-गणपतीचा! ताप काय गौरी जेवायला थांबतो? थांबली होती फक्त लॅब.

"साहेब, हा उतार खोटा हाय," मी म्हणाले. घाबरले की माझी भाषा घरची होते. "दरवर्षी गणपतीनंतर ताप चढतो, दिवाळीकडं उतरतो. आत्ताच कसा उतरंल? शिवाय एमआयडीसीभोवती खोल्या वाढल्या, पिंपं वाढली, तशी वर्षागणिक सगळी पातळीच वर सरकतीय. आणि दर काही वर्षांनी मोठी उसळी येते, ती यंदा न्हाय कशावरून?"

"कशावरून, ते सोमवारी दाखवा. न्हायतर पथक गेलं."

पथक म्हणजे घरोघरी पिंपं उपडी करून डासांच्या अळ्या शोधणारी माणसं. ती गेली असती तर तिथं डासांना रान मोकळं होतं.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सणाच्या आठवड्यात घेतलेले रक्ताचे नमुने न तपासता लॅबच्या फ्रीजमध्ये पडून होते. लॅबवाल्यांना मी इतके फोन केले की शेवटी ते उचलेनात. उतार खरा असला तर? दुसऱ्या तालुक्यातही लेकरं तापलेली होती. त्यांच्याकडं जाणारं पथक मी उगाच अडवून धरलेलं असणार होतं. ही भीती सगळ्यात वाईट होती. आई नुसती बघत होती. विचारायची तिची हिंमत झाली नाही; माझा पारा तिला ठाऊक आहे.

सोमवारी निकाल आले. प्रत्येक रुग्ण मी अहवालाच्या तारखेला नाही, ताप सुरू झाला त्या तारखेला टाकला. सणाचा खड्डा भरत गेला, भरून वर आला. सरासरी पुन्हा काढली. रेषा सरळ चढत होती.

साहेबांनी पथक ठेवण्याच्या कागदावर सही केली. पथक राहिलं. मला एवढा आनंद झाला की जिन्यातच आईला फोन लावला.

"काय गं, चांगली बातमी हाय व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय आई," मी हसतच म्हणाले, "ताप वाढलाय."