नावाचं कपाट

कॉलेजात तिला 'फुटपट्टी' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे पाठीमागे म्हणत. थोरले दीर मात्र तोंडावर म्हणत, कारण ते वाणिज्य विभागाचे प्रमुख होते आणि ती नुसती ग्रंथपाल.

भांडण तसं जुनं. पूर्वी पुस्तकखरेदीत बळी तो कान पिळी असा कारभार चाले. ज्याचा आवाज मोठा त्याच्या विभागाला पैसा. तिने ग्रंथसंग्रहाचं धोरण लिहून ग्रंथालय समितीत मंजूर करून घेतलं. संदर्भग्रंथ आणि सामायिक वाचनासाठी रक्कम आधी बाजूला, उरलेल्यात विभागांचे वाटे विद्यार्थिसंख्या, अभ्यासक्रम आणि पुस्तकांचा वापर पाहून. वाणिज्यचा वाटा निम्म्यावर आला. घर एकच, वर दीर, खाली ती, आणि त्या दिवसापासून जिन्यात दोघं एकमेकांना भिंतीसारखं ओलांडून जात.

यंदा दीर निवृत्त होणार होते. आपली सगळी पुस्तकं त्यांनी कॉलेजला देऊ केली, तीन अटींवर: वेगळं कपाट, त्यावर त्यांच्या नावाची पाटी, आणि एकही पुस्तक कधी काढून टाकायचं नाही.

समितीच्या बैठकीत तिने धोरणाचा कागद पुढे केला. "भेट विनाअट घेतो आपण. विकत घेताना जे निकष, तेच भेटीला. अभ्यासक्रमाला उपयोग हवा, आवृत्ती चालू हवी, आपल्याकडे आधीच प्रती नकोत. बाकीचं परत करतो, नाहीतर दुसऱ्या ग्रंथालयाला देतो."

"सरांनी उभी हयात इथं घालवली," प्राचार्य कुरकुरले. त्यांना निरोप समारंभात भांडण नको होतं. "एका कपाटाने काय आकाश कोसळणार आहे?"

"पुढच्या वर्षी आणखी दोघं निवृत्त होतायत. कपाटं वाढतील, जागा तेवढीच आहे."

दीर हसले. असं हसले की समोरच्याने समजावं, आता काहीतरी बाहेर निघणार. "मग वाचनकक्षाच्या कोपऱ्यातलं ते कपाट कुणाचं, फुटपट्टीबाई?"

कपाट तिच्या नवऱ्याचं होतं. तोही इथेच वाणिज्य शिकवायचा. तो गेल्यावर त्याची पुस्तकं तिनेच दिली होती, पाटी तिनेच लावली होती. तेव्हा धोरण नव्हतं. नंतर जुनी पुस्तकं काढायची पाळी आली, तेव्हा तिने त्या कपाटाला 'विशेष संग्रह' असं नाव देऊन बाजूला ठेवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्या बाईने आपलं मुसळ असं व्यवस्थित झाकलं होतं.

"तो माझा भाऊ होता," दीर म्हणाले. "त्याचं राहू दे, माझंही राहू दे. नाहीतर दोन्ही काढ."

त्यांना खात्री होती, ती काढणार नाही. आपण काढू, याची तिलाही नव्हती.

"पहिलं ते कपाट तपासते," ती म्हणाली. "भाऊजी, तुमचं नंतर."

नवरा करकायद्याचा माणूस. करकायद्याची पुस्तकं दुधासारखी, आज ताजी नि उद्या नासकी. तिने एकेक उघडून पाहिलं. कुणी घरी नेल्याची नोंद नव्हती, म्हणून वाचनकक्षातला वापरही धरला. तोही जवळजवळ नव्हता. कायदे बदललेले, दर बदललेले. एखाद्या पोराने त्यावरून परीक्षेत उत्तर लिहिलं तर नापासच व्हायचं. कुठे दुर्मीळ आहे का तेही तिने शोधलं, जीव तोडून शोधलं. हिशेबशास्त्राच्या इतिहासावरची तीन, आता न मिळणारी, तेवढी बचावली. समितीने काढायच्या पुस्तकांच्या यादीवर सह्या केल्या. प्राचार्यांनी मान वर न करता केली.

ती शिक्का मारत बसली असताना दीर आले. गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक त्यांनी उचललं. समासात भावाचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर होतं. ते बराच वेळ वाचत राहिले.

"हे घरी ने," ते म्हणाले. "कोण बघतंय?"

इतक्या वर्षांत ते तिच्याशी असं हळू बोलले नव्हते. पण ही माया की सापळा, हे तिला कळेना. उद्या समितीत हाच माणूस सांगायचा, फुटपट्टीने कॉलेजची पुस्तकं घरी पळवली. तिला त्यांचा मनापासून राग होता, आणि त्या रागाने आता तिच्याकडून माणूस ओळखायची सोयही काढून घेतली होती.

"कॉलेजची मालमत्ता आहे, भाऊजी. ठेवा खाली."

त्यांनी पुस्तक तसंच उघडं ठेवलं. त्यांचे डोळे भरलेले तिला दिसले, पण तोवर तिचा हात खाली आला होता. त्या अक्षरावरच 'रद्द'चा शिक्का उमटला.

दिरांनी आपली पुस्तकं कधीच आणली नाहीत.