चार वाजताचं युरोप

नामगुंग इन-बेच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक तो स्वतः, आणि उरलेली सगळी बिनडोक. बँकेत शाखाधिकारी होता तेव्हा कर्ज मागायला येणारे बिनडोक होते. ऑक्टोबरअखेरीस बँकेनं पैसे देऊन घरी बसवलं, तेव्हा बँक बिनडोक ठरली. आणि नोव्हेंबरात बुचॉन स्टेशनच्या मागे, दाताच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये महिन्याच्या भाड्यानं टेबल घेऊन क्रिप्टोचे सौदे करायला बसला, तेव्हापासून त्या हॉलमधल्या झाडून सगळ्यांना तो एका शब्दात निकालात काढायचा. घोडेवाले!

नावात तथ्य होतं म्हणा. कोरियन बाजारात सकाळी नऊला दिवस पालटतो. सगळ्या नाण्यांच्या चढउताराचा टक्का शून्यावर येतो, आणि शून्यावरून जे नाणं पहिली उडी मारेल त्याच्या पाठी ही माणसं धावत सुटतात. तीही त्या नाण्यांना शर्यतीचे घोडेच म्हणतात. साडेनऊपर्यंत आरडाओरडा, दहाला सुतकी चेहरे, मग खाली जाऊन नूडल्स. इन-बे मुद्दाम अकराला यायचा, म्हणजे ते सुतकी चेहरे बघायला मिळायचे.

"पुन्हा घोडा बसला वाटतं?" कोट काढता काढता तो विचारायचा.  उत्तर त्याला नकोच असायचं.

त्याची पद्धत वेगळी होती, आणि ती पद्धत, खरं सांगायचं तर, मूर्खपणाची नव्हती. त्यानं दर तासाला भाव किती वर-खाली होतो याचा तक्ता मांडला होता. नऊला आशिया जागा होतो तेव्हा पहिली उसळी. जेवणानंतर भाव पेंगतो. संध्याकाळी पाचला युरोपातले लोक कामावर येतात, तेव्हा दुसरी. आणि रात्री साडेअकराला अमेरिकेचा शेअरबाजार उघडला की सगळ्यात मोठी. यातला इन-बेचा तास म्हणजे चार ते पाच. भाव अरुंद गल्लीत येरझारा घालतो. खालच्या भिंतीशी घ्यायचं, वरच्या भिंतीशी विकायचं, आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आपोआप विकायचा भाव, खालच्या भिंतीला चिकटून. स्टॉपलॉस जवळ, म्हणून सौदा मोठा करता येतो. पाचच्या आत सगळं विकून मोकळं, सहाला घरी जेवायला. अमेरिकेकडे त्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही. "रात्रभर डोळे फोडायला मी काय घुबड आहे?"

हिवाळाभर हे चाललं. थोडं थोडं मिळत गेलं, आणि मिळालं त्याच्या दसपट अक्कल इन-बे घरी येऊन पाजळू लागला. शेवटी त्याची बायको ओक-जू वैतागली. तिचा धाकटा भाऊ च्योल-गू याचं डुकराच्या पायांचं हॉटेल होतं, आणि त्याला गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा होता.

"मार्चअखेर भांडवल जसंच्या तसं दिसलं, तर मी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली. "नाहीतर पहिल्या तारखेपासून गल्ला सांभाळायचा."

"मी? पाय विकू?"

"विकणारे आहेत. तुम्ही फक्त सुटे पैसे द्यायचे."

हे त्याला फार लागलं. ज्या मेव्हण्याला त्यानं लग्नापासून 'आमचे खाटीक' म्हटलं, त्याच्या हाताखाली! म्हणून मार्चच्या शेवटच्या सोमवारी त्यानं च्योल-गूलाच हॉलवर बोलावलं. बघू दे एकदा डोळ्यांनी, डोक्यानं पैसे कसे मिळतात ते.

च्योल-गू साडेतीनला आला. हातात गरम पायांची पिशवी, अंगाला लसणाचा वास. इन-बेनं नाक मुरडून खिडकी उघडली.

"बस. कशाला हात लावू नकोस."

"नाही लावत, दाजी. बघतो नुसता."

इन-बेनं तक्ता उलगडून प्रवचन सुरू केलं. नऊची गाढवं कशी मरतात, पाचनंतर थांबणारे कसे मरतात, आणि मधल्या शांततेत शहाणा माणूस कसा खातो. च्योल-गू मान डोलवत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची मुलगी बोरम हॅम्बुर्गला नर्स होती. कामावर जाताना बसमधून ती रोज बापाला फोन करायची.

"अगं, आज इतक्या लवकर?" च्योल-गू म्हणाला. "रोज पावणेपाचला करतेस, आत्ता तर पावणेचार वाजतायत. बरी आहेस ना?"

"बरी आहे हो बाबा. इथं काल पहाटे घड्याळं..."

"बंद कर तो फोन!" इन-बे खेकसला. "हे काय तुझं हॉटेल आहे? इथं एकेका मिनिटाला किंमत असते."

च्योल-गू ओशाळला. "नंतर करतो हं, बाळ," म्हणत त्यानं फोन खिशात टाकला.

चारला दहा कमी असताना भाव खालच्या भिंतीशी आला. इन-बेनं घेतलं. मेव्हणा बघतोय म्हणून नेहमीच्या दुप्पट. "आता पाचपर्यंत युरोप झोपलेलं आहे. बघ गंमत."

गंमत चारच्या ठोक्याला सुरू झाली. भाव भिंतीवरून असा काही घसरला की स्टॉपलॉसच्याही खाली जाऊन सौदा विकला गेला.

"हे असंच असतं का, दाजी?"

"योगायोग! पाचच्या आत काही होत नसतं." त्यानं पुन्हा घेतलं. भाव जरा वर आला, तसा तो हसला. मग भावानं दुसरी बुडी मारली आणि तोही सौदा गेला. तक्ता सांगत होता शांत, पडदा सांगत होता वादळ, आणि या दीडशहाण्यानं विश्वास ठेवला तो तक्त्यावर. तिसऱ्यांदा त्यानं उरलंसुरलं सगळं लावलं, आणि स्टॉपलॉस काढूनच टाकला. इतक्या हलत्या भावात तो टिकतच नव्हता ना! थोड्याच वेळात उसन्या पैशापोटी ठेवलेलं तारण, म्हणजे मार्जिन, संपलं आणि बाजारानं सौदा परस्पर कापला.

मागच्या टेबलांवर कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

च्योल-गूनं हळूच फोन काढला. बोरमचा निरोप येऊन पडला होता. तो त्यानं मोठ्यानं वाचला, कारण त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "बाबा, इथं उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केलीत. आता ऑक्टोबरपर्यंत मी तुमच्या पावणेचारलाच फोन करीन."

इन-बेनं तक्त्याकडे पाहिलं. नोव्हेंबर ते मार्च. त्यात उन्हाळ्याचा एक दिवस नव्हता, आणि उन्हाळ्यात पाचचं युरोप चारलाच कामावर येत होतं. अमेरिकेची घड्याळं तर आधीच सरकली होती, पण सहाला जेवायला जाणाऱ्याला ते कळणार कुठून? कोरिया घड्याळं हलवत नाही, त्यामुळे तक्त्यात न हलणारा एकच ठोका होता, सकाळचा नऊचा. घोडेवाल्यांचा.

"दाजी, खाऊन घ्या थोडं," च्योल-गू म्हणाला. "गार होतंय."

"युरोपवाले बिनडोक आहेत," इन-बे म्हणाला. "घड्याळं काय हलवतात!"

पण पाय खाल्ले त्यानं. सगळे.

एप्रिलात तो गल्ल्यावर बसला. गिऱ्हाइकं त्याला बिनडोक वाटत, पण बोलायची सोय नव्हती. एकदा दुपारी च्योल-गू मागे कढईपाशी होता आणि त्याचा फोन गल्ल्याशेजारी वाजू लागला. इन-बेनं उचलला.

"आतोबा, तुम्ही? बाबांना द्या ना."

"देतो," इन-बे म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यानं आवाज खाली केला. "बोरम, तिकडे आत्ता किती वाजले गं?"