पूर्ण पत्ता

तीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागे बसले. अपुऱ्या पत्त्याचं पाकीट दिसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. मग गावातल्या दहा जणांना विचारून, कुणाची सून, कुणाच्या विहिरीमागचं घर, असं करत करत मी ते पाकीट पोचवायचेच. निवृत्त झाले, पण ही खोड काही निवृत्त झाली नाही. तिने काय गोंधळ घातला, ते सांगते.

माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर काम करते. पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. वसईतल्या आमच्या वाडीतून त्या वेळी तिकडे जायला काही मिळत नाही. सुरुवातीला भाऊ स्कूटरवरून सोडायचा, पण त्याची कंबर धरली आणि भाची दवाखान्याजवळ, एव्हरशाईन सिटीत भाड्याच्या घरात एकटी राहायला गेली. आमच्या घराण्यात लग्नाआधी वेगळी चूल मांडणारी ती पहिलीच. भावाने होकार दिला, पण एका अटीवर. जराही काही वेडंवाकडं झालं, तर सामान गुंडाळून वाडीत परत यायचं आणि जवळची मिळेल ती नोकरी धरायची. तिचा जीव या कामात किती होता, हे मला ठाऊक होतं. रोग्यांची नावंच काय, कुणाला कोणती खुर्ची आवडते हेसुद्धा ती सांगायची.

नोकरीला सहा महिने झाले तेव्हा तिने मोबाइलवर एक फोटो टाकला. मशीनशेजारी पांढऱ्या कोटात उभी. खाली लिहिलं होतं की या कोर्सबद्दल मुलींना फारसं माहीत नसतं, म्हणून पोस्ट सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. मी ती शंभरदा तरी पाहिली असेन. अभिनंदनांच्या रांगेत एका अनोळखी माणसाने विचारलं होतं, ‘पगार किती मिळतो? राहता कुठे?’

दुपारपर्यंत त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मला ते बघवेना. वाडीच्या फाटकाशी कुणी घर विचारलं, तर आम्ही नुसतं बोट दाखवत नाही, दारापर्यंत नेऊन सोडतो. विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? चष्मा लावला आणि लिहायला बसले. पगाराचा आकडा लिहिला. इमारतीचं नाव, मजला, खालचं औषधाचं दुकान, पिनकोडसुद्धा लिहिला. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण कौतुक उतू जात होतं ना! ‘पोर एकटी राहते, पहाटे साडेपाचला घराबाहेर पडते, कुणावर अवलंबून नाही,’ असं लिहून वर ‘वसईला आलात तर वाडीत चहाला या’ हेही जोडलं.

दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ‘धन्यवाद काकू. तिचा नंबर पण द्या.’

नंबर शोधायला मी वही उघडलीच होती, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

“आत्या, अजून काही लिहू नकोस हां. तू लिहिलेलं मी काढलंय.”

“का गं? बिचाऱ्याने विचारलं होतं.”

“आत्या, काउंटरवर कुणी येऊन म्हणालं असतं, अमक्या बाईचा पत्ता द्या, तर दिला असतास?”

तीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. एकदा एक माणूस बायकोचा पत्ता मागायला आला होता. माहेरी निघून गेलेल्या बायकोचा. त्याने खिडकीवर मूठ आपटली, तरी मी दिला नव्हता. आणि इथे स्वतःच्या पोरीचा पत्ता घराबाहेर पडण्याच्या वेळेसकट लिहून मोकळी झाले होते! उघडलेली वही मी मिटली.

“काढलंस ना, मग गेलं ना ते?”

“पोस्टवरून गेलं. त्याने वाचलंय, म्हणून तर नंबर मागितला. अजून कुणी वाचलं असेल, फोटो काढून ठेवला असेल, ते आपल्याला कळणार नाही. टेन्शन नको घेऊ. मी बघते.”

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिचा आवाज रोग्याला सुई टोचायच्या आधी असतो तसाच, शांत. तिने काय काय केलं, ते मला नंतर कळलं. त्याची नंबराची मागणी आणि माझं लिखाण पुसण्याआधी तिने दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते, पुढे पोलिसांकडे जायची वेळ आली तर असावेत म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला सांगितलं की विचारल्याशिवाय कुणालाही वर सोडायचं नाही. पहाटे त्याच पाळीला जाणाऱ्या नर्सबाईंबरोबर निघायचं ठरवलं. आणि त्या माणसाच्या पहिल्या प्रश्नाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘पगार आणि पत्ता मी इथे सांगत नाही. कोर्स, शिक्षण, अर्ज कसा करायचा, हे विचारायचं असेल तर इथेच विचारा, सगळ्यांना उपयोग होईल.’

मी ते वाचून थक्क झाले. शिवी नाही, टोमणा नाही, सारवासारव नाही. दार लावलं होतं, पण खिडकी उघडी ठेवली होती.

त्याने पुन्हा लिहिलं, ‘सांगायला काय जातं? एवढा भाव कशाला खाता?’ त्यावर तिने एक अक्षर लिहिलं नाही. मोबाइलवरच त्याची तक्रार नोंदवली आणि त्याला ब्लॉक केलं. फुलपाड्याच्या एका मुलीने मात्र खाली विचारलं, बारावीला जीवशास्त्र लागतं का? मग दुसरीने विचारलं, मग तिसरीने. भाची पाळी संपली की एकेकीला उत्तर देत होती.

भावापासून हे लपवावं असं मला फार वाटत होतं. खोटं कशाला बोलू, चूक माझी आणि शिक्षा तिला होणार होती. पण तीच म्हणाली, “बाबांना मी सांगते.” रविवारी ती वाडीत आली, ओटीवर बसली आणि सगळं सांगितलं. फक्त पत्ता आत्याने लिहिला, हे गाळलं. ते मी सांगितलं.

भावाचा चेहरा उतरला. “ठरलं होतं आपलं,” तो म्हणाला. “सामान घेऊन ये.”

ती वाद घालायला बसली नाही. मोबाइल त्याच्या हातात दिला. “बाबा, आधी हे वाचा. मग म्हणाल तसं.”

भावाने तिचं उत्तर वाचलं. खालचे मुलींचे प्रश्न वाचले, तिची उत्तरं वाचली. नर्सबाईंचा, वॉचमनचा नंबर मागून आपल्या फोनमध्ये घातला. बराच वेळ अंगठा वरखाली करत राहिला. मग मोबाइल परत देत म्हणाला, “सकाळी पोचलीस की मला मिस्ड कॉल द्यायचा. रोज.” आणि उठून केळीला पाणी सोडायला गेला. सामानाचं पुन्हा काही बोलला नाही. तो पाठमोरा झाल्यावर पोरीचे डोळे भरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तो माणूस कधी आला नाही. पण त्या काळजीने मी कितीतरी पहाटे साडेपाचला जागी झाले.

परवा तिने दुसरी पोस्ट टाकली. खाली कुणा नव्याच माणसाने पुन्हा तेच विचारलं, ‘पगार? राहता कुठे?’ माझी बोटं शिवशिवली, पण मी हात मांडीखाली दाबून बसले. संध्याकाळी पाहिलं तर उत्तर आलेलं होतं. भाचीचं नव्हे. मोबाइलवर वाढदिवसाला फुलाचं चित्रसुद्धा न पाठवणाऱ्या माझ्या भावाचं. ‘पगार आणि पत्ता आम्ही इथे सांगत नाही. कोर्सबद्दल विचारा. माझी मुलगी सांगेल.’