तिन्ही बाजूंनी चौकोन

दिपमाला बाई आमच्या शिरपूरच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते आहे, आणि अकराही वर्षं तात्पुरती. शाळा विनाअनुदानित. दर जूनला मुख्याध्यापक गिरधर सर नव्या आदेशावर सही करतात, तेव्हा कुठे बाईचं वर्ष सुरू होतं. सरकारी भरतीचं वय निघून गेलं. दुसरी शाळा बघावी तर तिथेही तेच रडगाणं. माणूस धड आत नाही, धड बाहेर नाही. मला तर तिच्याकडे बघूनच कोंडल्यासारखं होई.

यंदा संस्थेने जाहीर केलं : परीक्षा घेऊ, साठ टक्के मिळवणाऱ्याला कायम करू. पन्नास प्रश्न, पेपर खुद्द गिरधर सरांचा. दिपमाला बाई आणि तिच्यासारखीच तात्पुरती मी, दोघी बसलो.

एका प्रश्नात ठोकळ्यांच्या रचनेची तीन दृश्यं दिली होती. समोरून, वरून, बाजूने. तिन्ही सारखीच : दोन आडवे, दोन उभे, चार घरांचा चौकोन. रचनेत घन किती? पर्याय चार, सहा, आठ, दहा. मी डोळे झाकून आठला गोल केला. खाली चार, वर चार, झालं! विचार करायचा माझा पिंडच नाही.

पण ही बाई पोरांना असले धडे कागदावर शिकवत नाही. गणितपेटीतले लाकडी ठोकळे मांडून शिकवते. तिला ठाऊक होतं, वरच्या थरातले तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन ठोकळे काढले तरी तिन्ही दृश्यं तशीच राहतात. म्हणजे आठही बरोबर, सातही, सहाही. गोल मात्र एकच करायचा. गिरधर सर वाकड्यात शिरणारे म्हणून प्रसिद्ध. आठ इतकं सोपं ते विचारतील कशाला, असं म्हणून तिने सहाला गोल केला.

निकाल लागला. सरांच्या उत्तरसूचीत आठ. मला अडतीस, तिला एकोणतीस. कायम व्हायला तीस लागत होते.

"रूपा, बठ्ठं आयुष्य या एका गोलात अडकनं," ती अहिराणीत म्हणाली. सगळं आयुष्य! मला इतका संताप आला, की तिचा हात धरून, गणितपेटी काखेत मारून मी तिला सरांच्या केबिनमध्ये नेलं.

तिने टेबलावर आठ ठोकळे रचले. "सर, समोरून बघा." सरांनी चष्मा सावरून बघितलं. चौकोन. मग तिने वरच्या थरातला डाव्या हाताचा पुढचा ठोकळा उचलला, आणि उजव्या हाताचा मागचा. "आता बघा. पुढचा गेला तिथे मागचा दिसतो, मागचा गेला तिथे पुढचा आहेच."

सर खुर्चीतून उठले. वाकून समोरून बघितलं, टेबलाला वळसा घालून बाजूने बघितलं, उभं राहून वरून बघितलं. माणूस खडूस, पण खोटा नाही. "बरोबर आहे बाई तुमचं," ते म्हणाले. "माझाच प्रश्न अपुरा. रद्द करतो."

मी तर आनंदाने तिला चिमटाच काढला. तिचे डोळे भरून आले होते.

"सर, म्हणजे त्याचा गुण सगळ्यांना मिळेल ना?" तिने विचारलं.

"गुण कशाचा? ज्याला एक उत्तर नाही तो प्रश्नच नाही. पेपर आता एकोणपन्नासचा." सरांनी कॅल्क्युलेटर ओढला. "एकोणतीस भागिले एकोणपन्नास... एकोणसाठ पूर्णांक एक आठ." त्यांनी परत दाबून बघितलं. आकडा तोच. "साठ नाही होत हो, बाई."

मी भांडले. नियम सगळ्यांना सारखा, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण लगेच म्हणाले, "तुमची नजर मोठी पक्की आहे. पुढच्या वर्षीचा पेपर छापण्याआधी तुम्हीच बघून द्या. माझ्या चुका तरी सापडतील."

"मग मला परीक्षेला बसता येईल का, सर?"

"पेपर बघितलेल्याला कसं बसता येईल?"

दिपमाला बाई टेबलावरचे ठोकळे एकेक करून पेटीत भरू लागली. नाही म्हणावं, तर जूनच्या आदेशावर सही याच माणसाची. हो म्हणावं, तर आणखी एक वर्ष तात्पुरतं.

"हो, सर," ती म्हणाली.

व्हरांड्यात आल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात तिनेच माझा हात दाबला. मला कायम केल्याचं पत्र त्याच सकाळी मिळालं होतं.

"मला ते सहा दिसलेच नसते ना रूपा," ती म्हणाली, "तर मीही सुटले असते गं."